सही कोणाची, सत्ता कोणाची?

(डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज तीन शब्दांबद्दल बोलायचं आहे: प्रत्यायोजन, विकेंद्रीकरण आणि सत्तेचं हस्तांतरण. निवडणुकीच्या सभांतून हे तिन्ही एकाच दमात वापरले जातात आणि "सत्ता लोकांच्या दारी आली" असं सांगितलं जातं. दारी नेमकं काय आलं हे तपासायला मी तीन प्रश्न विचारतो. हा अधिकार मुळात कोणाचा? तो परत घ्यायचा झाला तर कोण घेऊ शकतो? आणि काम बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा?

प्रत्यायोजनाचं थोडक्यात आटपतो, कारण ते सोपं आहे. समजा, कायद्याने एखादा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. काम वाढलं म्हणून ते लेखी आदेश काढतात की अमुक प्रकारची प्रकरणं यापुढे उपजिल्हाधिकारी हाताळतील. सही उपजिल्हाधिकाऱ्यांची होते, पण अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचाच राहतो. उद्या दुसरा आदेश काढून तो परत घेता येतो. शिवाय अशा उसन्या अधिकारावर बसलेला माणूस, कायद्याने तशी मुभा दिली नसेल तर, तो आणखी खालच्याला देऊ शकत नाही. सहीखाली "करिता" असं लिहिलेलं दिसलं की अधिकाराचा मालक दुसरा आहे हे समजावं.

आता विकेंद्रीकरण. हा शब्द सैल आहे. काही अभ्यासक बाकीचे दोन्ही प्रकार त्याच्याच पोटात घालतात. मी तो आज मर्यादित अर्थाने वापरतो: सरकारचंच काम, सरकारच्याच माणसांनी, पण लोकांच्या जवळच्या कचेरीत बसून करणं. समजा, सत्तरी तालुक्यात तुम्ही जमीन घेतली. एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवायला पणजीला जावं लागत नाही, वाळपईला मामलेदार कचेरीत म्युटेशन होतं. मामलेदारांना हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनी मेहेरबानीने दिलेला नाही, जमीन महसूल संहितेतच तो आहे. म्हणून हे प्रत्यायोजन नव्हे. पण मामलेदार सत्तरीच्या लोकांनी निवडलेले नाहीत. त्यांची बदली सरकार करतं, निर्णय पटला नाही तर अपील वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे जातं. सोय झाली, हेलपाटे वाचले, ही लहान गोष्ट नाही. पण सत्तरीकरांच्या हाती सत्ता मात्र आली नाही.

हस्तांतरण म्हणजे निवडून आलेल्या स्थानिक संस्थेला कायद्याने अधिकार देणं, आणि तो तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर वापरणं. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर गोव्यात १९९४ चा पंचायत राज कायदा आला. लोकसंख्या २० लाखांच्या आत असल्याने आपल्याकडे मधला तालुका स्तर ठेवला नाही. खाली ग्रामपंचायत, वर जिल्हा पंचायत. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. पुष्कळांना वाटतं की ते आपोआप पंचायतीचे झाले. तसं नाही. घटना म्हणते, राज्याचं विधिमंडळ कायद्याने हे अधिकार देऊ शकेल. "देईल" असं तिथे नाही. सगळी गोम त्यात आहे. आपल्या जिल्हा पंचायतीचे सदस्य निवडून येतात आणि मग करण्यासारखं काम शोधत बसतात, त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

ग्रामपंचायतीकडे मात्र एक खराखुरा अधिकार आहे, घर बांधण्याचा परवाना. कलम ६६. तीच फाईल उलगडून पाहू.

अर्जदार पंचायतीत अर्ज देतो. जमिनीची कागदपत्रं, नकाशे आणि नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी जोडतो. फाईल पाक्षिक सभेत येते, पंच चर्चा करतात, ठराव होतो, परवाना पंचायतीच्या नावाने निघतो. इथे "करिता" नाही. आपले तीन प्रश्न लावा: अधिकार पंचायतीचा, तो काढून घ्यायचा तर कायदा बदलावा लागेल, आणि जाब विचारायला ग्रामसभा आहे.

पण तीच फाईल पुन्हा चाळा. त्या जागेवर घर बसतं की नाही, किती उंच, रस्त्यापासून किती मागे, हे नगरनियोजन खात्याने आधीच ठरवलेलं असतं. गावातली शेतजमीन वस्तीची करायची का, हा खरा मोठा निर्णय पंचायतीच्या टेबलावर येतच नाही. मोठ्या प्रकल्पाविरुद्ध ग्रामसभेत आरडाओरडा होतो, पंच खाली मान घालतात, लोक म्हणतात पैसे खाल्ले. कधी खाल्लेही असतील. पण पुष्कळदा फाईल पंचायतीत येण्याआधीच मुख्य गोष्ट वर ठरून गेलेली असते, आणि शिव्या खायला पंच उरतात.

पुढे वेळेचा हिशेब. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार पुढच्या ३० दिवसांत पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करू शकतो. त्यांनीही ३० दिवसांत निकाल दिला नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो. बेकायदा बांधकामाचंही तेच: पंचायतीला कळल्यापासून महिन्याभरात तिने पाडलं नाही, तर तिचे अधिकार उपसंचालक हातात घेतात. ही तरतूद मी वाईट म्हणणार नाही. शेजाऱ्याचं बांधकाम पाडायचा ठराव घ्यायला पंच कचरतात, त्यांना गावात राहायचं असतं. पण काही पंचायती मुद्दाम गप्प बसतात, म्हणजे वाईटपणा उपसंचालकांनी घ्यावा. दिलेली सत्ता अशी न वापरताही परत जाते.

आणि ही फाईल सांभाळतो कोण? पंचायत सचिव. तो सरकारी नोकर, त्याची नेमणूक आणि बदली पंचायत करत नाही. गटार बांधायचं तर अंदाजपत्रकासाठी गटविकास कार्यालयातल्या तांत्रिक माणसाची वाट पाहायची. पैशाचं म्हणाल तर घरपट्टी आणि परवान्यांचं शुल्क हे आपलं, बाकी बरंचसं अनुदान. कामं, माणसं आणि पैसा यातलं फक्त पहिलं पंचायतीला दिलं, तर तिची अवस्था कापड मिळालं पण सुई-दोरा नाही अशा शिंप्यासारखी होते.

इथे एक आडवळण घेतो. पंचायतीच्या शेकडो वर्षं आधी गोव्यात गावकारी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या मूळ गावकारांच्या संस्था, होत्या. १५२६ च्या फोराल सनदेत पोर्तुगीजांनी त्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या, निर्माण केल्या नाहीत. त्यांची सत्ता कोणी वरून दिलेली नव्हती, म्हणून तिला हस्तांतरण म्हणताच येत नाही. अर्थात ती गावकारांपुरतीच होती. मुंडकार, बायका, बाहेरून आलेले यांना तिथे आवाज नव्हता. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असंही समजू नका.

प्रश्नोत्तरांत एकांनी विचारलं की मग हस्तांतरण टिकवायचं कसं. गोव्यातलाच दाखला देतो. २०२१ च्या पालिका निवडणुकीच्या वेळी राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्या कायदा सचिवांकडे होता. प्रभाग आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ठणकावलं की सरकारी सेवेत असलेल्याकडे हे पद देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्र हवा. स्थानिक संस्थांची निवडणूकच वरच्या सरकारच्या माणसाने घेतली, तर त्यानंतर कितीही विषय त्यांच्याकडे सोपवले तरी ते सगळं प्रत्यायोजनाच्याच जवळ जातं.

दुसरा प्रश्न होता, आपल्या गावात काय पाहावं. पुढच्या ग्रामसभेत इतिवृत्त मागा आणि गेल्या वर्षीचे ठराव दोन ढिगांत लावा: पंचायतीने स्वतः निर्णय घेऊन अमलात आणलेले एका बाजूला, आणि "वरिष्ठांकडे शिफारस करण्यात येत आहे" असे शेवट असलेले दुसऱ्या बाजूला. मग दुसऱ्या ढिगातली प्रत्येक शिफारस कोणत्या खात्याकडे गेली ते सचिवांना विचारून त्यापुढे लिहून ठेवा. आमदार गावात आले की ती यादी त्यांच्या हातात द्या, कारण कायदा बदलायचा तर तो विधानसभेतच बदलतो.