साठ सिस्टर आणि एक सिनॉप्सिस

श्रोतेहो, नमस्कार. वॉर्डात ड्यूटी करत एम.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या सिस्टरांसाठी आणि त्यांच्या गाइडसाठी आज बोलणार आहे. सिनॉप्सिसचा विषय बर्नआउट ठरला, आता पद्धत कोणती घ्यायची, संख्यात्मक, गुणात्मक की मिश्र, एवढाच प्रश्न मी घेतला आहे.

एक उदाहरण धरू. तालुक्याच्या ठिकाणचं 100 खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. प्रसूती, बालरोग, स्त्री आणि पुरुष वॉर्ड, शस्त्रक्रिया, अपघात विभाग, असं सगळं मिळून 60 सिस्टर. काही कायम, काही कंत्राटी. हातात सहा महिने, पैसा स्वतःचा. सिनॉप्सिसवर नाव लिहिलंय, ‘परिचारिकांमधील बर्नआउट : प्रमाण, कारणे आणि अनुभव’. या एका ओळीत तीन वेगळी कामं आहेत. प्रमाण मोजावं लागतं. अनुभव ऐकावा लागतो. आणि कारण सिद्ध करणं या सहा महिन्यांत होणारच नाही. एकदाच फॉर्म भरून घेतला तर नाईटमुळे सिस्टर थकली, की आधीच थकलेली सिस्टर नाईटला जास्त वैतागते, हे त्यातून कळत नाही. शिवाय सगळ्यांत जास्त थकलेली सिस्टर बहुतेक वेळा बदली घेऊन गेलेली असते किंवा दीर्घ रजेवर असते. तुमच्या यादीत तिचं नावच नसतं. म्हणून ‘कारणे’ हा शब्द आधी काढा.

आता मोजायचं म्हटलं तर कशानं? मास्लाक यांची प्रश्नावली सर्वांना माहीत आहे. तिच्यात 22 प्रश्न आणि तीन भाग आहेत : भावनिक थकवा, रुग्णाबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना. या तिन्हींची एकच बेरीज करायची नसते, तरी कितीतरी प्रबंधांत ती केलेली दिसते. शिवाय ती वापरायला परवाना विकत घ्यावा लागतो. कोपनहेगनची प्रश्नावली मोफत आहे. तिच्यात 19 प्रश्न आहेत आणि प्रत्येक भागाचे गुण 0 ते 100 मध्ये येतात. छोट्या कामाला मी हीच सुचवते. मराठी रूप घेताना मात्र एकीनं मराठीत आणायचं, दुसरीनं ते मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. मग दुसऱ्या रुग्णालयातल्या चार-पाच सिस्टरांकडून भरून घ्यायचं.

नमुना किती? नेहमीच्या सूत्रात प्रमाण 50 टक्के आणि चूक दोन्ही बाजूंनी 10 टक्के धरली की 96 येतात. आपल्याकडे सिस्टरच 60. लहान संख्येसाठीची दुरुस्ती लावली की 38 वर येतं. पण 38 निवडून 22 सिस्टरांना बाजूला ठेवण्यात काय साधलं? सगळ्या 60 घ्या. त्यातून या रुग्णालयात थकवा किती आणि कोणत्या बाजूचा आहे, हे नीट सांगता येईल. कायम आणि कंत्राटी यांच्यातला फरक मात्र सांगता येईलच असं नाही. समजा 30 जणींत 40 टक्के आणि दुसऱ्या 30 जणींत 57 टक्के थकलेल्या निघाल्या. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण एवढ्या लहान गटांत तो निव्वळ योगायोगानंही येऊ शकतो. ही मर्यादा सिनॉप्सिसमध्येच लिहा, परीक्षकानं विचारायची वाट बघू नका.

दुसरा मार्ग मुलाखतींचा. इथे दहा-बारा जणी पुरतात, कारण मोजायचं नसतं. एका नाईटला दोन वॉर्ड सांभाळताना सिस्टर नेमकं काय सोडून देते, आधी काय करते, घरी गेल्यावर काय होतं, हे समजून घ्यायचं असतं. ‘झोप येते जी, पण लागत नाही, वॉर्डातली बेल ऐकू येत राहते,’ असं कुणी सांगितलं तर ते 19 प्रश्नांच्या कोणत्याच खणात बसत नाही. ही पद्धत सोपी म्हणून निवडणाऱ्यांनी वेळेचा हिशेब करावा. बारा मुलाखती पाऊण-पाऊण तासाच्या म्हणजे नऊ तासांचं बोलणं. एका तासाचं बोलणं शब्दशः लिहून काढायला पाच-सहा तास सहज जातात. पन्नासेक तास नुसतं लिहिण्यात गेले, कोडिंग पुढेच राहिलं.

मग मिश्र पद्धत? गाइड आग्रह धरतात, कारण ती भरीव दिसते. माझं मत स्पष्ट आहे : दोन्ही धागे कुठे जोडले जाणार हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर ती घेऊ नका. फॉर्म वेगळे, मुलाखती वेगळ्या आणि शेवटी दोन वेगळी प्रकरणं, ही मिश्र पद्धत होत नाही. आधी 60 फॉर्म, मग गुण पाहून त्यातल्या दहा जणींशी बोलणं, ही खरी जोडणी झाली.

आणि इथेच एक अडचण येते, जी सिनॉप्सिस लिहिताना सुचत नाही. फॉर्मवर नाव नको असं आपण सिस्टरांना वचन देतो. नाव नाही, तर जास्त गुण कुणाचे हे कळणार कसं आणि मुलाखतीला बोलावणार कुणाला? त्यावर करता येतं ते असं. प्रत्येक फॉर्मला फक्त क्रमांक. त्याच क्रमांकाची वेगळी चिठ्ठी, तीवर मोबाइल नंबर, तोही मुलाखतीची तयारी असेल तरच. फॉर्म एका पेटीत, चिठ्ठी दुसऱ्या पेटीत. दोन्ही जुळवणार फक्त तुम्ही, आणि मुलाखती संपल्या की चिठ्ठ्या जाळायच्या. हे सगळं संमतिपत्रात मराठीत लिहिलेलं हवं. बोलावताना पाच जणी जास्त गुणांच्या आणि पाच कमी गुणांच्या घ्या, म्हणजे मुलाखतीला गेली ती थकलेली, असा शिक्का वॉर्डात बसणार नाही. फॉर्म मेट्रननं किंवा इन्चार्ज सिस्टरनं वाटायचे नाहीत. ऑफ कोण देतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मग उत्तरंही तशीच येतात. शिवाय ‘बालरोग वॉर्ड, कंत्राटी, तीन वर्षं’ एवढं लिहिलं तरी 60 जणींच्या रुग्णालयात माणूस ओळखू येतो. वॉर्डचं नाव प्रबंधात देऊ नका, वय आणि नोकरीची वर्षं गटांत द्या.

या व्यवस्थेला वेळ लागतो. दर आठवड्याला नाईट असेल आणि गाइड दूर नागपूरला असतील, तर माझा सल्ला एकाच पद्धतीचा. रुग्णालयाला आकडा हवा असेल तर 60 फॉर्म. नाईटच्या कामाचं स्वरूप कळायला हवं असेल तर बारा मुलाखती.

महिना कोणता घेताय, हेही ठरवा. आपल्याकडे पावसाळ्यात सापाचे दंश, ताप, कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा यांनी वॉर्ड भरतात. सप्टेंबरात भरलेला फॉर्म आणि फेब्रुवारीत भरलेला फॉर्म सारखं बोलणार नाहीत. कोणताही घ्या, पण सगळे फॉर्म त्याच दोन-तीन आठवड्यांत भरून घ्या आणि त्या दिवसांत खाटा किती भरल्या होत्या, तो आकडा शेजारी नोंदवा. मुलाखतीत कुणी रडली, झोप उडाल्याचं सांगितलं, तर रेकॉर्डर बंद करायचा. टेली मानसचा 14416 हा मोफत क्रमांक संमतिपत्राच्या खाली छापलेला असू द्या, आणि त्या सिस्टरची मुलाखत पुढे न्यायची की नाही, ते तिलाच ठरवू द्या.