आधी मागणी, मग काढणी

[दृश्य : गिरणारे परिसर, शनिवारची संध्याकाळ. एका माणसाच्या हातात मोबाईल, दुसऱ्या हातात विळा.]

हातात मोबाईल घेऊन मेथीच्या वाफ्यात उतरलेला हा माणूस मीच आहे. मोबाईलवर एक यादी आहे. त्या यादीत तेवीस घरांची नावे आणि प्रत्येक नावापुढे त्या घराने मागितलेली भाजी आहे. शेतात माझी हयात गेली, पण माल कोणाकडे जाणार आणि काय दराने जाणार हे काढणीच्या आधीच ठाऊक असण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. आता सहा आठवडे झाले आहेत आणि माझा आनंद अजून ओसरलेला नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो.

नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या बाजूला आमची दीड एकर जमीन आहे. एक एकर टोमॅटो आणि उरलेल्या अर्ध्या एकरात वांगी, मेथी, पालक, कोथिंबीर. आजवर आमचा क्रम ठरलेला होता. सकाळी माल काढायचा, दुपारी टेम्पोत भरायचा, लिलावात उभे राहायचे आणि पुकारला जाईल तो दर घेऊन परत यायचे. पालेभाजी तिथे शेकड्याच्या दराने, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने जाते. तिला उद्याचा दिवस नसतो. त्यामुळे एकदा उपटलेली मेथी भाव पटला नाही म्हणून कोणी घरी आणत नाही. गेल्या वर्षी काढणीची मजुरीसुद्धा निघणार नाही असे दिसल्यावर मी उभ्या मेथीत रोटाव्हेटर फिरवला होता. हे रडगाणे म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे मोल मला का वाटते, ते कळावे म्हणून सांगतो.

[दृश्य : रस्त्याकडेला टोमॅटोचे क्रेट. एक स्कूटर थांबते.]

सुरुवात एका रविवारी झाली. धरणाकडे फिरायला आलेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या शेतापाशी थांबल्या आणि पूर्ण लाल झालेले दोन किलो टोमॅटो घेऊन गेल्या. हे लाल टोमॅटो मी बाजूला काढून ठेवले होते, कारण लांब पाठवायचा माल आम्ही नुसती लाली धरू लागल्यावरच तोडतो. झाडावर पूर्ण पिकलेले फळ प्रवासात दबते, म्हणून व्यापारी त्याला भाव पाडूनच घेतो. बाईंना मात्र तेच हवे होते. पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आमच्या सोसायटीत दर आठवड्याला द्याल का? नंबर मी गोळा करून देते.” त्यांनी खरोखरच चाळीस घरांचे नंबर आणून दिले.

माझी लेक महाविद्यालयात शिकते. तिने जुन्या मोबाईलमध्ये वेगळे सिमकार्ड घालून व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू केले, भाज्यांचे फोटो काढून त्यांखाली दर लिहिले आणि चाळीस जणांना एकाच वेळी जाणारा संदेश पाठवला. आम्ही संध्याकाळभर मोबाईलकडे बघत बसलो. तो संदेश फक्त नऊ जणांना पोहोचला. भाजी कोणाला नकोच आहे, असे मला वाटले. लेकीनेच शोधून काढले की अशा प्रकारे पाठवलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवलेला असतो त्यांनाच मिळतो, बाकीच्यांना तो आल्याचे कळतही नाही. मग बाईंनी सोसायटीच्या गटावर स्वतः लिहिले की, हा क्रमांक साठवून ठेवा. शुक्रवारी रात्री आठपर्यंत तेवीस घरांची मागणी आली.

मागणी आली खरी, पण ती कशा भाषेत आली! कोणी लिहिले “थोडी कोथिंबीर”, कोणी “वांगी नेहमीसारखी”, आणि एका ताईंनी विचारले, “जुडी म्हणजे किती?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. लिलावातली जुडी मोठी असते, किरकोळ विक्रेता तिच्या दोन-तीन करतो आणि आमची आई बांधते ती तिच्या मुठीएवढी होते. त्या रात्री आम्ही काट्यावर जुड्या ठेवून पाहिल्या आणि पाव किलोची एक जुडी असे ठरवले. तेव्हापासून संदेशात आम्ही वजनच लिहितो. हा काटाही नुसता घरात पडलेला चालत नाही. वजन करून विकायचे तर तो वैधमापन विभागाकडून पडताळून त्यावर शिक्का घ्यावा लागतो, आणि ते काम मी पहिल्या विक्रीच्या आधीच उरकले होते.

[दृश्य : रात्र. पडवीत दिव्याखाली पिशव्या. आई, पत्नी, लेक आणि मी.]

पहिली चूक इथेच, या पडवीत झाली. सकाळी धांदल नको म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी भाजी काढली, धुतली आणि रात्री नऊपर्यंत सगळ्या पिशव्या गाठी मारून तयार ठेवल्या. काढलेली पालेभाजी जिवंत असते, ती श्वास घेते आणि त्यातून ऊब व पाणी सुटते. बंद प्लास्टिकमध्ये त्या दोन्हींना बाहेर पडायला वाट नसते. पहाटे पिशवीला आतून थेंब दिसले, हात घातला तर ऊब लागली आणि मेथीला आंबूस वास येत होता. वेळ नसल्यामुळे बऱ्या दिसल्या त्या जुड्या तशाच दिल्या. त्यांतल्या चार घरी पोहोचेपर्यंत पिवळ्या पडल्या होत्या. दुपारी फोटो आले. मी चौघांचेही पैसे परत केले, आणि त्यांतल्या एकीने पुढच्या आठवड्यात पुन्हा मेथी मागवली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आता पालेभाजी मुळांसकट उपटतो, मुळांची माती झटकतो, पाने न भिजवता जुड्या ओल्या गोणपाटावर उभ्या ठेवतो आणि पहाटेच कागदी पिशवीत घालतो. टोमॅटो-वांगी तेवढी आदल्या दिवशी काढतो, कारण त्यांना रात्रीचा त्रास होत नाही.

[दृश्य : गंगापूर रोडवरील सोसायटीचे फाटक. रखवालदार वही पुढे करतो.]

फाटकावरची अडचण आम्हाला कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक घरी जायचे तर प्रत्येक घराची वेगळी परवानगी, म्हणजे तेवीस वेळा थांबणे. बाईंनी सचिवांना विनंती केली आणि त्यांनी वाहनतळाच्या कडेला एक टेबल दिले. सकाळी सात ते साडेआठ मी तिथे थांबतो, लोक खाली येतात आणि नावाची पिशवी घेऊन जातात. त्या टेबलामागे पहिल्या दिवशी मी इतका अवघडून उभा होतो की एका आजोबांनी सुटे पैसे पुढे केले, ते घ्यायचेही मला सुचेना.

हिशेब लपवण्यात अर्थ नाही. त्या रविवारी 34 किलो टोमॅटो, 12 किलो वांगी आणि तिन्ही पालेभाज्या मिळून 75 जुड्या गेल्या. त्यांची किंमत 2705 रुपये होत होती. चार जुड्यांचे 80 रुपये परत गेले आणि दोन घरे गावाला गेल्यामुळे 310 रुपयांची भाजी तशीच परत आली. टेम्पोचे भाडे 500 आणि पिशव्यांचे 140 वजा जाता हातात 1675 रुपये राहिले. हाच माल त्या दिवशीच्या भावाने लिलावात गेला असता तर खर्च जाऊन सुमारे 900 रुपये मिळाले असते. म्हणजे 775 रुपये जास्त. पण त्यासाठी घरातली चार माणसे शनिवार संध्याकाळपासून राबली. त्यांची मजुरी धरली तर हा फरक उरत नाही.

शिवाय त्याच दिवशी शेतात टोमॅटोचे 25 क्रेट निघाले होते. वीस किलोच्या क्रेटने मोजले तर सोसायटीत दोन क्रेटसुद्धा पूर्ण गेले नाहीत. बाकीचे 23 बाजारातच गेले आणि आजही तिथेच जातात. ऑनलाइन विक्रीने बाजार सुटला असे कोणी सांगू लागले, तर त्याला आधी त्याच्या शेतात किती क्रेट निघतात ते विचारावे, असे मला वाटते.

मग आनंद कशाचा? मेथीच्या 26 जुड्या मागितल्या गेल्या आणि मी 26च उपटल्या, उरलेली मेथी वाफ्यात उभी राहिली, याचा. टोमॅटोचा दर बाजारात त्या सहा आठवड्यांत किलोला आठ रुपयांपासून अठरापर्यंत हलला. माझा पंचवीस होता तो पंचवीसच राहिला. घेणाऱ्यांनाही दुकानापेक्षा तो महाग पडला नाही.

[दृश्य : मोबाईलवर आलेला अनोळखी संदेश.]

दुसऱ्या आठवड्यात एक अनोळखी गृहस्थ पन्नास किलो टोमॅटोची मागणी घेऊन आले. पैसे आगाऊ पाठवतो म्हणाले आणि त्यांनी एक क्यूआर कोड धाडला. तो स्कॅन करून पिन टाका, म्हणजे रक्कम तुमच्या खात्यात येईल. मी टाकणारच होतो. लेकीने हात धरला आणि म्हणाली, “बाबा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.” मी नकार कळवताच त्या गृहस्थांनी उत्तर देणे बंद केले. परत आलेल्या दोन पिशव्यांमुळे मीही आता मागणीबरोबरच पैसे घेतो, पण कोड आमचा असतो आणि तो समोरचा स्कॅन करतो.

[दृश्य : पालेभाज्यांचे लहान-लहान वाफे, प्रत्येकावर वेगळ्या उंचीचे पीक.]

सर्वांत मोठा बदल मोबाईलमध्ये नव्हे, पेरणीत करावा लागला. बाजारासाठी मी मेथी एकदम पेरत असे आणि एकदम उपटत असे. दर रविवारी कोवळी मेथी द्यायची तर ते चालत नाही, कारण महिन्याभरात तयार झालेली मेथी आठवडाभरच धड राहते, मग जून होते. म्हणून आता मेथीचे चार आणि कोथिंबिरीचे सहा वाफे आहेत. मेथीला सुमारे चार आठवडे लागतात, कोथिंबिरीला सहा, आणि दर आठवड्याला एकेक वाफा नव्याने पेरायचा. तिसऱ्या आठवड्यात ही घडी बसलेली नव्हती. जून मेथी द्यायला मन धजेना, म्हणून “या वेळी मेथी नाही” असे लिहिले आणि मागणी एकोणीस घरांवर आली. गवार, दोडका, लिंबू लोक मागतात. आमच्याकडे ते नाही. चुलतभावाच्या शेतातला दोडका नेतो तेव्हा तो त्याचा आहे असे यादीत लिहितो.

बाईंना मी भाजीचे पैसे घेणार नाही म्हणालो, तर त्या रागावल्या. “तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मला यादीत नाव घालायला संकोच वाटेल,” म्हणाल्या. म्हणून त्यांच्याकडून पैसे घेतो. पण पिशवीत पूर्ण लाल टोमॅटो निवडून घालतो, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे.

[दृश्य : शुक्रवार, रात्रीचे आठ. लेक वहीत आकडे उतरवते.]

या आठवड्याची यादी आत्ताच बंद झाली. सत्तावीस घरे, मेथी एकतीस जुड्या. दुसऱ्या वाफ्यात तेवढ्या निघतील का, हे बघायला मी बॅटरी घेऊन निघालो आहे.