मृदंगाला उपवास नसतो

नमस्कार श्रोतेहो. भजनाला बसलं की पुढ्यात तीन वाद्यं हवीतच. टाळ, एकतारी आणि पखवाज. पखवाजाला वारकरी मंडळी मृदंग म्हणतात. मी आज दोन्ही शब्द वापरीन, वाद्य एकच समजा. पेटीचं नाव घेतलं नाही, म्हणून पेटीवाल्यांनी रागावू नये. पण मला विचाराल तर पेटी नसली की गाणाऱ्याचा गळा जास्त जपून चालतो. असो, तो वाद पुन्हा कधी.

टाळापासून सुरुवात करू. टाळ तुम्ही सगळ्यांनी हातात घेतलेला असणार. जाड, खोलगट, मध्ये भोक, भोकातून ओवलेली दोरी. झांज वेगळी. ती पातळ आणि पसरट असते, तिचा आवाज फाकतो. टाळाचा आवाज आवळून येतो आणि मग लांबतो. डाव्या हातातला टाळ तोंड वर करून स्थिर धरायचा आणि उजव्या हातातला वरून तिरका आणायचा. दोरी बोटाला गुंडाळलेली असावी, पण बोटं टाळाच्या धातूला टेकता कामा नयेत. टेकली की नाद मेलाच.

आता मुख्य गोष्ट. टाळ कडेवर वाजतो, पूर्ण तोंडावर नाही. दोन्ही टाळ सपाट एकमेकांवर आपटले तर मधली हवा कोंडते आणि नुसता ‘फप्’ असा आवाज येतो. नवीन माणूस नेमका तेच करतो, आणि आवाज येत नाही म्हणून आणखी जोरात आपटतो. कडेला कड किंचित सरकवून भेटवा आणि लगेच दूर करा, म्हणजे खुला आघात होतो. भेटवून तसेच दाबून ठेवा, म्हणजे दाबलेला आघात. एक खुला, एक दाबलेला. एवढ्या दोन आघातांवर आठ मात्रांचा ठेका रात्रभर चालतो. लय वाढली की टाळ जवळ आणायचे, उचल कमी करायची. हात मोठा हलवून लय वाढत नाही, दम तेवढा जातो. पुन्हा सांगतो, टाळ कडेवर वाजतो.

जाता जाता एक गोष्ट आमच्या धंद्यातली. ध्वनिमुद्रणात टाळकऱ्याला मी नेहमी सगळ्यात मागे बसवतो. लोकांना तो अपमान वाटतो. पण टाळ माइकजवळ आला तर बाकी सगळ्यांना गिळून टाकतो. आजकाल तर गावोगावच्या भजनात दोन भोंगे, वर घुमवणारं यंत्र, आणि प्रत्येक टाळाला तीन-तीन प्रतिध्वनी. त्यात अभंगाचे शब्द कुणी ऐकायचे?

एकतारीबद्दल थोडक्यात. खाली भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, त्यातून वर गेलेली दांडी, दांडीच्या टोकाला खुंटी, आणि कातड्यावरच्या घोडीवरून गेलेली एक तार. मिरजेच्या तंबोऱ्यांना जे मोठे वाळवलेले भोपळे लागतात ते पंढरपूरकडूनच येतात, हे मला नेहमी गोड वाटत आलं आहे. सप्ताहात पहाऱ्यापहाऱ्यानं हातोहात फिरते, खाली ठेवत नाहीत, ती वीणा वेगळी, तिला जास्त तारा असतात. एकतारीला एकच तार आणि तिचं काम एकच, गाणाऱ्याचा षड्ज धरून ठेवणं.

दांडी खांद्याला टेकवा आणि तर्जनीच्या मांसल भागानं तार छेडा, नखानं नाही. नख लागलं की आवाज कर्कश होतो. पहिला नाद विझायच्या आत दुसरा छेडायचा, म्हणजे सूर तुटत नाही. जुळवताना कान कशाकडे द्यायचा? गाणाऱ्याचा षड्ज आणि तार एकत्र वाजू द्या. सूर जवळ आले पण मिळाले नाहीत, तर आवाजात लाटा ऐकू येतात, वाँव वाँव अशा. खुंटी हळूहळू फिरवा. लाटा संथ होत जातात आणि थांबतात. थांबल्या की जुळली. आणि पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. त्यामुळे आषाढात दर दोन-तीन अभंगांनी एकतारी तपासावी लागते.

आता मृदंग. त्याला उजवं तोंड लहान आणि डावं मोठं. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते. डावी पुडी मात्र कोरी असते. ती तशीच वाजवली तर ‘टप्प’ असा पोकळ, चढा आवाज येतो, त्याला खर्ज नसतो. म्हणून भजनाआधी तिच्यावर गव्हाची ओली कणीक थापतात. कणकेच्या वजनानं कातड्याचा हेलकावा संथ होतो आणि सूर खाली येतो. जास्त कणीक, खालचा सूर. कमी कणीक, वरचा सूर. हे लक्षात ठेवा, कारण आता जी गोष्ट सांगणार आहे ती सगळी या कणकेचीच आहे.

सातारा जिल्ह्यातलं एक गाव. कार्तिकी एकादशीचा जागर. मी टाळ घेऊन बसलो होतो. मृदंगावर एक म्हातारे गृहस्थ होते, गाव त्यांना आबा म्हणायचं. आबा आले, मृदंग मांडीशी घेतला आणि माजघराकडे बघून म्हणाले, “सूनबाई, जरा कणीक आण गं.” सूनबाई नवीन, माहेरी भजनाची सवय नाही. तिनं लगबगीनं छान गोळा मळून आणला, पितळी वाटीत, वर ओलं फडकं टाकून. आबांनी पुडीवर ओला हात फिरवला, गोळा बरोबर मधोमध ठेवला, अंगठ्यानं दाबत दाबत तळहाताएवढा पसरला. मध्ये जाड, कडेला पातळ. एक थाप मारली. सूर खाली आला. आबांची मान हलली, पण भुवई जरा वर गेली. हाताला काहीतरी वेगळं लागलं असावं.

‘जय जय रामकृष्ण हरी’ झालं. रूपाचा अभंग झाला. तिसऱ्या अभंगात लय चढली आणि आबांनी डावा हात मोकळा सोडला. पहिल्या दोन थापा घुमल्या. तिसऱ्या थापेला मृदंगानं सूरच बदलला. भारदस्त ‘धूं’च्या जागी एकदम ‘टँव’. बुवांनी गाता गाता वळून पाहिलं. आबांनी आणखी एक थाप मारली आणि कणकेचा एक तुकडा उडून माझ्या टाळात पडला. खरंच टाळात पडला. माझा टाळ वाजेना. पुढच्या थापेला उरलेली चकती मधोमध तडकली आणि अर्धी खाली लोंबायला लागली. पोरं फिदीफिदी हसायला लागली, मागच्या बायका पदर तोंडाला लावून.

आबांनी हात वर करून ठेका थांबवला. उडालेला तुकडा उचलला, दोन बोटांत चुरला आणि वास घेतला. म्हणाले, “सूनबाई, हा राजगिरा आहे.”

ती दारात उभी राहून म्हणाली, “आबा, आज एकादशी. देवापुढं धान्य कसं चालंल? म्हणून उपवासाचं पीठ घेतलं.”

सगळा मांडव शांत. आता आबा काय बोलतात म्हणून लोक बघत राहिले. आबा म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण मृदंगाला उपवास नसतो, पोरी. त्याला आज पण गहूच लागतो.”

त्या हशातच गव्हाचं पीठ आलं, आणि आबांनी ती कणीक स्वतः मळली. सूनबाईला शेजारी बसवून, दाखवत. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की चिवट धागा तयार होतो, तोच कातड्याला धरून बसतो आणि थापेबरोबर ताणला जातो. राजगिऱ्याला तो धागा नसतो. गोळा होतो, थापलाही जातो, पण हेलकावा बसला की भेगाळतो. पोळीच्या एका गोळ्याएवढी कणीक घेतली. पोळीपेक्षा थोडी सैल, पण बोटाला चिकटून लोंबणारी नाही. तेलाचा हात अजिबात नाही. तेल लागलं की कणीक पुडीवरून घसरते. आबांनी चकती बसवली, थाप मारली. सूर हवा त्यापेक्षा खाली, आवाज ढब्ब. कडेची चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. पुन्हा चिमूट. चौथ्या खेपेला डावीचा सूर उजवीच्या षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकात बसला. मग एकतारीवाल्याला म्हणाले, “छेड बघू.” तिन्ही एकत्र वाजले आणि बुवांनी सोडलेलं कडवं तिथूनच उचललं.

कणीक म्हणजे पोरखेळ नाही श्रोतेहो, तिला रात्रभर सांभाळावं लागतं. दोन-तीन तासांत तिच्या कडा वाळतात, वजन घटतं, सूर वर चढतो. मृदंगी दोन अभंगांच्या मध्ये पाण्यात बोट बुडवून चकतीवर फिरवताना दिसतो, तो त्यासाठीच. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची, ओल्या फडक्यानं पुडी पुसायची. ठेवली तशी तर ती दगड होते, कातडं ओढते आणि उंदरांना आमंत्रण देते. उंदीर कणकेबरोबर पुडीही खातात. मग नवी पुडी आणि मढवणाऱ्याकडे खेपा.

वाजवण्याचं मी फारच थोडं सांगितलं, वेळ गोष्टीतच गेला. मृदंग आडवा ठेवतात, दिंडीत गळ्यात अडकवतात. उजव्या तळव्याची मोकळी थाप म्हणजे ‘ता’. डावीवरची मोकळी थाप म्हणजे ‘ग’. दोन्ही एकत्र म्हणजे ‘धा’. डावीवर तळवा दाबून मारला की ‘क’, तिथं नाद अडवलेला असतो. शाईवर बोटं मिटून मारली की ‘तिट’. तबलजी बोटांनी वाजवतो, मृदंगी मुख्यतः तळव्यानं. तबल्यावरून आलेल्या पोरांचा मृदंग चिवचिवतो तो यामुळेच. 19व्या शतकात नानासाहेब पानश्यांनी धृपदाच्या अंगानं हा बाज फार मोठा केला. भजनातला हात त्याहून सोपा, पण तळव्याचा नियम दोन्हीकडे तोच.

आता आमच्या स्टुडिओत एक पखवाज मांडला आहे. आधी कोऱ्या डाव्या पुडीवर चार थापा ऐका. मग कणीक लावल्यावर त्याच चार थापा. आणि शेवटी एकतारी आणि टाळ सोबतीला घेऊन ‘जय जय रामकृष्ण हरी’. टाळ, अर्थात, मागेच बसले आहेत.