फोटोतलं संत्रं

नागपूरकरांना संत्र्याबद्दल सांगायला मी उभा राहिलोय, म्हणजे धाडसच. पण माझी तक्रार संत्र्याबद्दल नाही, मोबाइलमधल्या फोटोबद्दल आहे.

मागच्या नोव्हेंबरात पुण्याच्या भाच्याला अंबिया बहाराची पेटी पाठवली. संध्याकाळी फोटो आला, हिरवट-पिवळ्या संत्र्यांचा. खाली लिहिलेलं, "मामा, कच्ची पाठवली का?" मी म्हटलं, अरे बाप्पा, सोलून तर बघ! तासाभरानं उत्तर आलं. त्यात फक्त सालींचा फोटो होता.

सालीचा हिरवा रंग जायला रात्री गार लागतात. पारा तेरा अंशांच्या आसपास उतरला, की हिरवं विरतं आणि केशरी वर येतं. थंडी उशिरा आली तर आत रस गोड झालेला असतो आणि साल मात्र हिरवटच राहते. उलट एथिलीन वायूच्या खोलीत ठेवून साल दोन-तीन दिवसांत पिवळी करता येते. गोडी तेवढीच राहते. संत्रं आंब्यासारखं अढीत पिकत नाही, तोडलं त्या दिवशी जे होतं तेच.

आता माझी फजिती. (हसता काय, तुमचीही झालीच असेल!) जानेवारीत एका व्यापाऱ्यानं फोटो पाठवला. लाल जाळीच्या पिशवीत केशरी झळाळणारी संत्री. पाच पेट्या घेतल्या. घरी जाळी काढली तर अर्धा रंग जाळीबरोबर गेला. लाल धागे शेजारच्या रंगाला लाली देतात, वर दुकानातला पिवळा दिवा. फळ मात्र हातात घेतलं तर हलकं. साल फाकांपासून सुटलेली, आत हवा. वजन फोटोत येत नाही हो! आता मी म्हणतो, जाळी काढ, सावलीत पांढऱ्या कागदावर ठेव, मग फोटो काढ.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता धावत.

फोटोवरून काय कळतं? देठाची चकती हिरवी असेल तर तोडणी ताजी, तपकिरी किंवा गळालेली असेल तर जुनी. सुरकुती म्हणजे पाणी उडालंय. मऊ पाणचट डाग आणि त्यावर पांढरी-निळसर बुरशी दिसली, तर ते फळ बाजूला काढा आणि शेजारची फळंही तपासा.

काय कळत नाही? गाभ्यातली काळी कूज. अशी फळं उलट लवकर रंगतात, म्हणून ढिगात सर्वांत देखणं दिसणारं एखादं कापून बघा. आणि आंबटपणा. समजा दोन फळांच्या रसात साखरमापक दहाच दाखवतो, पण एकात आम्ल अर्धा टक्का, दुसऱ्यात एक टक्का. पहिलं गोड लागेल, दुसऱ्यानं दात आंबतील. फोटोत दोघं जुळे भाऊ.

अध्यक्ष उठलेच. मागे टेबलावर दोन पेट्या आहेत, सोलून घ्या. फोटो नंतर काढा.