पाटीआधी नोंदवही: ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना

[दृश्य: बेळगाव–खानापूर रस्ता. दुतर्फा दुकानं, वर्कशॉप, नवी घरं. मागे भाताची शेतं.]

बेळगावची हद्द नेमकी कुठे संपते, हे रस्त्यावरून जाताना सांगता येत नाही. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे 4 लाख 88 हजार माणसं मोजली गेली, तर लगतच्या वस्त्या धरून झालेल्या नागरी समूहात 6 लाख 10 हजार. मधली सव्वा लाखाच्या आसपासची वस्ती कॅन्टोन्मेंटमध्ये आणि मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, दोन्ही कंग्राळी अशा गावांत होती. जनगणनेनं या गावांना शहर म्हटलं. कारभार मात्र तेव्हा ग्रामपंचायतीच पाहत होत्या. अशा गावाला जनगणना नगर म्हणतात. देशभरात 2001 मध्ये अशी 1,362 नगरं होती, 2011 मध्ये ती 3,892 झाली.

जनगणना नगर ठरण्यासाठी तीन अटी आहेत. लोकसंख्या किमान 5,000 हवी. दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं हवीत. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर हवेत. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी गावाच्या कारभारात काही बदलत नाही. निधी ग्रामीण राहतो, ग्रामसभा राहते, पंचायत विकास अधिकारी म्हणजे पीडीओ राहतो. गावाला कायद्यानं शहर करायचं ते राज्य सरकार, आणि कर्नाटकात त्यासाठी 1964 चा नगरपालिका कायदा लागतो.

[दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय, भिंतीवर गावाचा नकाशा.]

नकाशावरचं हे गाव उदाहरणादाखल आहे. लोकसंख्या 12,000, क्षेत्र 15 चौरस किलोमीटर. म्हणजे घनता 800. मुख्य काम करणारे पुरुष 3,600. त्यांतले 800 शेतीत, उरलेले 2,800 फाउंड्रीत, बांधकामावर, दुकानांत, शहरातल्या नोकऱ्यांत. हे प्रमाण जवळजवळ 78 टक्के भरतं, म्हणून गाव जनगणना नगर ठरतं.

राज्याच्या कायद्याची मोजणी वेगळी आहे. नगरपंचायतीसाठी, म्हणजे कन्नडमधल्या पट्टण पंचायतीसाठी, लोकसंख्या 10,000 ते 20,000 लागते, घनता किमान 400, आणि एकूण रोजगारापैकी निम्मा तरी शेतीबाहेरचा. इथे एकूण रोजगार पाहतात, त्यामुळे बायकांचं कामही हिशेबात येतं. आपल्या गावात 1,400 बायका कामाला जातात आणि त्यांतल्या 900 भाताच्या नि भाजीच्या शेतात राबतात. त्या धरल्या की 5,000 पैकी 3,300 जण शेतीबाहेर, म्हणजे 66 टक्के. अट पुरी होते, पण 78 चे 66 झाले. शहरापासून लांबच्या गावात हाच फरक निकाल फिरवू शकतो. म्हणून जनगणना नगराचा शिक्का बसला म्हणजे नगरपंचायत होणारच, असं धरून चालू नये.

त्यावरची पायरी पुरसभेची, म्हणजे छोट्या शहराच्या नगरपालिकेची. तिथे 20,000 लोकसंख्या आणि घनता 1,500 लागते. उत्पन्नाची अटही आहे: वर्षाला किमान 9 लाख रुपये किंवा माणशी 45 रुपये, यांतलं जे जास्त असेल ते. एवढ्या रकमेत आज गावाचा कचराही उचलून होत नाही. या अटीवरून गावाची ऐपत कळते, असं मानण्यात अर्थ नाही.

[दृश्य: उघडं गटार, सेप्टिक टँक उपसणारी गाडी, नाला.]

मग वेळ झाली हे ओळखायचं कशावरून? पाण्यावरून आणि कचऱ्यावरून. ग्रामीण नळयोजना माणशी 55 लिटर पाणी धरून आखली जाते. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी हेच माप 135 लिटर आहे. 12,000 माणसांना 135 लिटरनं रोज 16 लाख 20 हजार लिटर पाणी लागेल. त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, म्हणजे जवळजवळ 13 लाख लिटर. एवढं पाणी शोषखड्ड्यांत मावत नाही. ते रस्त्याकडेच्या गटारातून नाल्याला आणि नाल्यातून खालच्या शेतात जातं. प्लॉट लहान असले की शेजाऱ्याची सेप्टिक टँक आणि आपली विहीर यांत पुरेसं अंतर राहत नाही. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, तर एका घरानं टाकी दुरुस्त करून भागत नाही. गल्लीगल्लीतून जोडलेली वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र लागतं. ते उभारणं एकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नसतं.

कचऱ्याचंही गणित करता येतं. माणशी रोज 300 ग्रॅम धरले तर 3,600 किलो होतात, म्हणजे छोट्या टिपरच्या चार-पाच खेपा. पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, 700 लोकांमागे एक या मापानं 17 लागतात. ग्रामपंचायतीकडे दोन-तीन माणसं आणि एक गाडी असेल, तर गावाच्या टोकाला कचरा का पेटतो हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य: नमुना 9 आणि नमुना 11 चे उतारे, टेबलावर.]

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट: मालमत्तेची नोंद. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तू या सरकारी ऑनलाइन नोंदीवरून उतारे मिळतात. गावठाणातलं घर किंवा रीतसर एनए होऊन मंजूर झालेला प्लॉट असेल तर नमुना 9 आणि 11-अ. शेतजमीन परस्पर तुकडे करून विकलेली असेल, तर त्या घराला 11-ब. बेळगावभोवतीच्या गावांत गुंठ्यांनी विकलेले असे प्लॉट गल्लोगल्ली आहेत. घरपट्टी भरलेली, वीज आलेली, नळ आलेला, पण लेआउट मंजूर नाही.

गाव नगरपंचायत झालं म्हणून हे प्लॉट अधिकृत होत नाहीत. शहरी हद्दीत मालमत्ता ई-आस्ति या नोंदीत जाते. मंजुरी असलेल्याला ए-खाता, नसलेल्याला बी-खाता. बी-खात्यावर कर घेतला जातो, पण त्यानं प्लॉटचा दोष धुऊन निघत नाही. तसंच, शहरी हद्दीत आलेली शेतजमीन आपोआप एनए होत नाही. दलाल नेमकं उलटं सांगतात आणि अधिसूचनेची चर्चा सुरू होताच भाव वाढवतात.

करही बदलतो. नगरपंचायतीत मालक स्वतः आकारणी करून कर भरतो आणि आकारणी सरकारी मार्गदर्शक दराशी बांधलेली असते. त्यामुळे हमरस्त्यावरचं घर आणि आतल्या गल्लीतलं तेवढंच घर यांच्या करात ठळक अंतर पडतं. ज्याच्या घराचं मोजमाप जुन्या वहीत चुकीचं चढलंय, त्याची चूक नव्या आकारणीत दरवर्षी वाढत जाते. आमचं स्पष्ट मत आहे: नोंदवही दुरुस्त होईपर्यंत गावानं पाटी बदलण्याची घाई करू नये.

[दृश्य: रोजगार हमीच्या कामावरचे मजूर, शाळेचं पटांगण.]

जाणाऱ्या गोष्टींकडेही नीट बघायला हवं. ग्रामीण रोजगार हमीचं काम बंद होतं. भूमिहीन मजुराच्या घरी हा फटका पहिल्याच उन्हाळ्यात बसतो. घरकुल ग्रामीण योजनेतून निघून शहरी योजनेत जातं, म्हणून मंजुरी अर्धवट असलेल्यांची यादी बदलाआधीच पुरी करून घ्यावी. ग्रामसभा संपते. राज्यघटनेनुसार वॉर्ड समिती सक्तीची आहे ती 3 लाखांवरच्या शहरांत, त्यामुळे छोट्या शहरात गावकऱ्यांना हक्कानं प्रश्न विचारायची ती जागा उरत नाही. सदस्यही कमी होतात. ग्रामपंचायतीत 400 लोकांमागे एक या हिशेबानं आपल्या गावात 30 सदस्य बसतात, तर नगरपंचायतीत साधारण वीस किंवा त्याहून कमी.

शाळेचा मुद्दा पालकांच्या फार उशिरा लक्षात येतो. कर्नाटकात ग्रामीण आरक्षणासाठी पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला लागतो, आणि ग्रामीण म्हणजे नगरपालिका कायद्याच्या हद्दीबाहेरचं. जनगणना नगरातली शाळा त्यामुळे ग्रामीणच राहते. नगरपंचायत झाली की ती शहरी ठरते.

मराठी भाषिकांसाठी आणखी एक. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत ज्या नगरपालिकेत किंवा तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक किमान 15 टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात असं ठरलेलं आहे. गाव कोणत्या हद्दीत जातं, त्यावर हे प्रमाण बदलतं. स्वतंत्र नगरपंचायतीत ते एक असेल, महापालिकेत विलीन झाल्यावर दुसरं. हद्दीबद्दल बोलताना हा आकडा हाताशी असावा.

[दृश्य: राजपत्राची प्रत, नकाशावर बोट फिरतं.]

प्रक्रिया अशी चालते. जिल्हाधिकाऱ्यांकडून लोकसंख्या, क्षेत्र, रोजगार आणि हद्दीचा अहवाल राज्याच्या नगरविकास खात्याकडे जातो. सरकार मसुदा अधिसूचना राजपत्रात काढतं. हरकतींसाठी 30 दिवस असतात. मग अंतिम अधिसूचना निघते. ग्रामपंचायत संपते, तिची मालमत्ता आणि देणी नव्या संस्थेकडे जातात, पीडीओच्या जागी मुख्याधिकारी येतो. त्यानंतर वॉर्डरचना, आरक्षण, मतदार यादी आणि निवडणूक. इथेच गाडी अडते. आरक्षणाचा वाद कोर्टात गेला की कारभार प्रशासकाकडे राहतो. बेळगाव महापालिकेतही 2019 मध्ये मुदत संपली आणि मतदान 3 सप्टेंबर 2021 ला झालं. एवढ्या मोठ्या शहराचं असं होतं, तर नव्या नगरपंचायतीनं ते गृहीत धरूनच तयारी करावी.

चूक हद्द आखतानाही होते. आपल्या गावाला 20 चौरस किलोमीटर शेताची, 2,000 वस्तीची वाडी जोडली, तर एकूण 14,000 माणसं आणि 35 चौरस किलोमीटर होतात. घनता बरोबर 400, कायद्याच्या काठावर. कागदोपत्री नगरपंचायत बसते, पण वाडीतल्या शेतमजुरांची रोजगार हमी जाते आणि गटाराची वाहिनी तिथवर बरीच वर्षं पोहोचत नाही.

जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 ला हद्दी गोठवल्या आहेत आणि मार्च 2027 च्या अखेरीपर्यंत त्या तशाच राहायच्या आहेत. हा काळ तयारीचा आहे. प्रत्येक घराचं मोजमाप वहीशी ताडून पाहावं. 11-ब ची यादी सर्व्हे नंबरवार काढावी. पंपांची थकीत वीजबिलं आणि वॉटरमन, बिल कलेक्टर यांच्या नेमणुकीचे कागद एका फाइलला लावावेत, कारण नेमणुकीचा ठराव सापडला नाही तर नव्या संस्थेत सामावून घेताना पहिली अडचण याच माणसांची होते. मसुदा निघाला की त्यातला प्रत्येक सर्व्हे नंबर गावच्या नकाशाशी जुळवावा. हरकत लिहिताना नुसता विरोध नोंदवू नये. कोणता सर्व्हे नंबर का वगळावा, तिथे किती घरं, किती शेती, हे आकड्यांत लिहावं आणि 30 दिवसांच्या आत देऊन आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवावी.