एक अंडं, एक जंत

मंडळी, मी मुलांचा डॉक्टर. तेवीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काम करतोय. आज एका मुलाच्या पोटाबद्दल बोलणार आहे. सहा वर्षांचा मुलगा, वजन चौदा किलो, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे आलेलं. श्रावणातल्या एका रात्री त्याचे वडील त्याला खांद्यावर घेऊन आले. दोन दिवस शौचाला झालं नव्हतं, वाराही सरत नव्हता. उलट्या हिरव्या होत होत्या आणि शेवटच्या उलटीत जंत पडला होता. तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणला होता. वीतभर लांब, शिसपेन्सिलीच्या जाडीचा, फिक्कट गुलाबी.

बेंबीभोवती हात ठेवला तर गोळा लागला. मळलेल्या कणकेसारखा, दाबला की थोडा दबणारा. तासाभराने पाहिलं तर तो जरा सरकलेला होता. सोनोग्राफीत आतड्यामध्ये रुळांसारख्या समांतर रेषांचे जुडगे दिसले. एकेक जोडी म्हणजे एकेक जंत. जंतांचाच बोळा आतड्यात अडकला होता.

मुलाच्या आजीने मला विचारलं, "डॉक्टर, पोरगा गूळ फार खातो, त्यानंच झाले ना?" नाही, आजी. गुळाने जंत होत नाहीत. आणि हा जंत पोटात पिल्लं घालून वाढतही नाही. मादी रोज दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, पण ती सगळी शौचावाटे बाहेर जातात. बाहेर मातीत दोन-चार आठवडे राहिल्याशिवाय त्यांच्यात अळी तयार होत नाही. म्हणजे पोटातला प्रत्येक जंत हा तोंडातून आत गेलेल्या एकेका अंड्याचा. साठ जंत असतील तर किमान साठ अंडी गिळलेली आहेत, आणि बहुधा वेगवेगळ्या दिवशी. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

अंड्यांना हवी असते ऊब, ओल आणि सावली. कडक उन्हात, सुकलेल्या मातीत ती मरतात. आपलं परसातलं आगर आठवा. माड-पोफळींची गर्द सावली, पाटाने खेळणारं पाणी, पावसाळ्यात कधीच न वाळणारी माती. तिथे कोणी पोर शौचाला बसलं की ती अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. अंड्याचं बाहेरचं आवरण चिकट असतं, त्यामुळे ते नखाखाली, मुळ्याच्या पानाला, रांगणाऱ्या बाळाच्या तळहाताला चिकटून येतं.

आता ते आत गेल्यावर काय करतं ते सांगतो, कारण मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे. अंडं आतड्यात फुटतं, अळी बाहेर येते. तिला राहायचं आतड्यातच आहे, पण ती तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतात जाते, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि मग फुप्फुसात. आठवड्याभरात ती तिथे पोचलेली असते. काही दिवस तिथेच वाढते, मग हवेच्या पिशव्यांत फुटून बाहेर येते, श्वासनलिकेतून वर चढत घशापर्यंत येते आणि मुलाच्या आवंढ्याबरोबर पुन्हा गिळली जाते. आता कुठे ती आतड्यात मुक्कामाला बसते. अंडं गिळल्यापासून मादी स्वतः अंडी घालू लागेपर्यंत दोन ते तीन महिने जातात.

माणसात हा प्रवास खरंच होतो का, हे कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरने 1922 साली स्वतःवर पाहिलं. त्याने 2000 अंडी गिळली. त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्याच्याच थुंकीत अळ्या सापडल्या.

आमच्या मुलाच्या आईला मी विचारलं, मधे कधी खोकला झाला होता का? ती म्हणाली, ज्येष्ठात झाला होता, कोरडा, रात्री छातीत शिट्टी वाजायची, आठ-दहा दिवसांत आपोआप गेला. तो याच अळ्यांचा होता असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही, पावसाळ्याच्या तोंडावर खोकल्याला कारणं पुष्कळ. पण अळ्यांचा खोकला असाच असतो. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात, एक्स-रेमध्ये डाग दिसतात आणि काही दिवसांत जागा बदलून नाहीसे होतात. यात एक फसगत आहे. त्या वेळी शौच तपासलं तर अंडी सापडत नाहीत, कारण अंडी घालणारा जंत अजून तयारच झालेला नसतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरचे निश्चिंत होतात.

आता आतडं का अडतं ते पाहू. या जंताला पकडून बसायला आकडे नाहीत, चोषक नाहीत. आतडं अन्न खाली ढकलत असतं आणि जंत आपल्या स्नायूंच्या जोरावर उलट पोहत जागा धरून राहतो, रात्रंदिवस. त्याची घडी बिघडली की तो सैरभैर होतो. ताप चढला, किंवा औषध अर्धंमुर्धं पोटात गेलं, की जंत हलू लागतात, एकमेकांत गुंततात, आखडतात, आणि गुंता खाली वाहत जातो. लहान आतडं शेवटाकडे अरुंद होत जातं आणि उजव्या ओटीपोटात, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, एक झडप असते. गुंता तिथे येऊन बसतो. चिडलेलं आतडंही त्याच्याभोवती आवळतं. मोठ्या माणसाच्या आतड्यातून जे निघून जाईल, ते सहा वर्षांच्या पोराच्या अंगठ्याएवढ्या नळीत मावत नाही. पेन्सिलीच्या जाडीचे सात-आठ जंत शेजारी शेजारी आले की ती भरली. शिवाय मातीत खेळणारं हेच वय, म्हणून सर्वांत जास्त जंतही याच वयात. बोळा तसाच राहिला तर त्याच्या वजनाने आतड्याला पीळ पडतो, किंवा भिंतीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते आणि फुटते.

या मुलाला आधी तीन दिवस ताप होता. पोट दुखतंय म्हणून घरच्यांनी दुकानातून आणलेलं जंताचं औषध निम्मं पाजलं होतं. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या. इथे मला कळकळीने सांगायचंय. शाळेत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती जरूर घ्या. तिनेच जंतांची संख्या साठाच्या घरात जात नाही. पण पोट फुगलंय, उलट्या होतायत, शौच बंद आहे, अशा वेळी घरी जंताचं औषध देऊ नका. मुलाला घेऊन तडक दवाखान्यात या.

आम्हीही त्या रात्री औषध दिलं नाही. तोंडाने सगळं बंद, नाकातून नळी घालून पोट रिकामं केलं, शिरेतून सलाइन. दर दोन तासांनी गोळा चाचपत बसलो. गोळा एकाच जागी घट्ट होऊन दुखू लागला असता, शौचातून रक्त आलं असतं किंवा पोट लाकडासारखं कडक झालं असतं, तर ऑपरेशन करून जंत हाताने मोठ्या आतड्यात ढकलावे लागले असते, नाहीतर आतडं उघडावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा सरला. पहाटे गोळा मोकळा झाला आणि जंत पडू लागले. अडथळा पूर्ण गेल्यावर मगच गोळी दिली. सिस्टरांनी तीन दिवसांत चौऱ्याहत्तर मोजले.

त्यात वीतभर होते तसे बोटभरही होते. हे बोटभर म्हणजे नंतर गिळलेली अंडी. मुलगा आजारी पडेपर्यंत त्याच्या पोटात नवी अंडी जातच होती. आणि त्या दिवशी काही अळ्या कदाचित फुप्फुसात असतील, आतड्यातल्या गोळीचा त्यांच्यावर भरवसा नसतो. म्हणून तीन महिन्यांनी त्याचं शौच पुन्हा तपासलं. अंडी सापडली. बरोबर आलेल्या धाकट्या बहिणीच्याही शौचात सापडली, ती तेव्हा तीन वर्षांची होती. दोघांना गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी आशाताईंबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. संडास बांधलेला होता, पण त्यात सरपण रचलेलं होतं. मुलं पोफळीच्या मागे बसत होती, आणि त्याच पाटाच्या पाण्यावर चार पावलांवर मुळा लावलेला होता.