मुलाखतीचा मेल असा लिहा की मुलांना तिकीट काढता येईल

नमस्कार. पुण्यातल्या एखाद्या शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टचं ऑफिस तुम्ही सांभाळत असाल, तर छाननी संपल्यावर एक मेल तुम्हालाच लिहायचा असतो: "आपली मुलाखतीसाठी निवड झाली आहे." त्या मेलमध्ये काय असावं आणि कुठल्या क्रमानं, एवढंच आज बघू.

बहुतेक मेल अभिनंदनानं सुरू होतात, मग संस्थेची माहिती येते, आणि प्रवासखर्चाची ओळ सगळ्यात शेवटी, "नियमानुसार दिला जाईल" अशी. उदगीरची मुलगी हा मेल वाचते तेव्हा तिच्यापुढे एकच प्रश्न असतो, तिकीट काढू की नको? म्हणून पहिल्या परिच्छेदात तारीख, वार, वेळ, पत्ता. दुसऱ्यात पैसे. बाकीचं त्यानंतर.

आधी वेळा ठरवू. समजा 24 मुलं आहेत आणि दोन पॅनेल. म्हणजे एका पॅनेलकडे बारा. पंधरा मिनिटं बोलणं आणि पाच मिनिटं गुण भरणं, असे वीस मिनिटांचे स्लॉट धरा. चार मुलांचा एक गट. पहिला साडेदहा ते अकरा पन्नास. दहा मिनिटं मोकळी ठेवून दुसरा बारा ते एक वीस. मग जेवण. तिसरा दोन दहा ते साडेतीन. ती मधली दहा मिनिटं कुणालाही देऊ नका, कारण एखादी मुलाखत लांबतेच, आणि ती लांबण पुढच्या गटावर जायला नको.

आता कुणाला कुठली वेळ? इथे आडनावाची आद्याक्षरं घेऊन यादी पाडली की घोळ होतो. पुण्यातली मुलं साडेदहाला घ्या. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी उतरणाऱ्यांना बाराचा गट द्या, म्हणजे तोंड धुवून, काहीतरी खाऊन येता येईल. नाशिक किंवा अहिल्यानगरहून पहाटे निघणाऱ्यांना जेवणानंतरचा गट. मुलाखत साडेतीनला संपली तर ती रात्री घरी पोचतात आणि मुक्कामाचा खर्च वाचतो.

आणि मेलमध्ये मुलाखतीची वेळ वेगळी, हजर राहण्याची वेळ वेगळी लिहा. "हजर राहण्याची वेळ: सकाळी 11:15. मुलाखत: दुपारी 12:00." नुसतं "12:00" नको.

मधली पंचेचाळीस मिनिटं कागदपत्रं तपासायला लागतात. एका मुलाला साधारण बारा मिनिटं धरा. दोन पॅनेल दर वीस मिनिटांनी दोन मुलं घेतात, पण एका टेबलाला दोन मुलांसाठी चोवीस मिनिटं लागतात. दर फेरीला चार मिनिटं मागे, चार फेऱ्यांत सोळा. तुमची दहा मिनिटांची मोकळीक तिथेच संपली. म्हणून तपासणीची टेबलं दोन लावा.

पत्त्याबद्दल एक पुणेरी सूचना. "शिवाजीनगर एसटी स्टँडपासून जवळ" असं लिहू नका. तो स्टँड 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवला, आणि बाहेरून येणाऱ्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही. स्वारगेट, वाकडेवाडी आणि पुणे स्टेशन या तिन्ही ठिकाणांहून कसं यायचं त्याची एकेक ओळ द्या, आणि मॅपची लिंक.

पॅनेलबद्दल चार वाक्यं पुरतात. "पॅनेलमध्ये तीन जण असतील. मुलाखत मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, तुम्ही म्हणाल त्या भाषेत होईल. पालक बाहेर थांबतील. उत्पन्नाबद्दलचे प्रश्न तपासणीच्या टेबलावर विचारले जातील, पॅनेलसमोर नाही." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वडिलांची मजुरी किती, हे तीन अनोळखी माणसांपुढे सांगून झाल्यावर कुठलं मूल मोकळेपणानं अभ्यासाबद्दल बोलेल?

कागदपत्रांत "आवश्यक ती सर्व मूळ कागदपत्रे" हे वाक्य खोडून टाका. नावानिशी लिहा: दहावी-बारावीचं गुणपत्रक, चालू वर्षाचं बोनाफाईड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान. दाखल्यापुढे कुठलं आर्थिक वर्ष हवं ते लिहा, कारण मुलं घरात असलेला जुना दाखला घेऊन येतात. गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल, तर तो फरक चालेल हेही लिहा, नाहीतर एवढ्यासाठी मुलं प्रतिज्ञापत्राच्या मागे धावतात. एखादा कागद नसेल तर काय? "मुलाखत होईल, कागद सात दिवसांत पाठवावा." हे लिहिलं नाही, तर काही मुलं येतच नाहीत.

आता पैसे. नियम असा लिहा: "प्रत्यक्ष जिथून निघालात तिथून पुण्यापर्यंत आणि परत, एसटीचं किंवा रेल्वेच्या स्लीपरचं, तिकिटावर छापलेलं भाडं मिळेल. निवड झाली नाही तरी मिळेल." "प्रत्यक्ष जिथून निघालात" असं का? घर नंदुरबारला आणि कॉलेज संभाजीनगरला, अशी कितीतरी मुलं असतात. अर्जावरच्या पत्त्यावरून भाडं मोजलं तर हिशेब चुकतो.

उदगीरचंच उदाहरण चालवू. मुलगी आणि सोबत वडील. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. समजा पूर्ण भाडं 600 रुपये. तिचे 300, वडिलांचे 600, एका बाजूचे 900, जाऊन-येऊन 1800. शहरातल्या रिक्षा-बसचे 200 रुपये पावती न मागता ठोक द्या. एकूण 2000. ऑफिसात "दोन माणसं, गुणिले पूर्ण भाडं" असं धरलं की 2600 होतात आणि ऑडिटला तिकिटं जुळत नाहीत. सोबतच्या माणसाचं भाडं कुणाला, हेही स्पष्ट हवं: मुली, अठरा वर्षांखालचे आणि दिव्यांग उमेदवार. स्वतःच्या गाडीनं आलं तर एसटीच्या भाड्याइतकीच रक्कम, हेही आधीच सांगा.

एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट खिशात ठेवलं की अक्षरं पुसट होतात. म्हणून "उतरल्यावर लगेच तिकिटाचा फोटो काढा" ही ओळ घालाच. परतीच्या तिकिटाचा फोटो सात दिवसांत मागवा.

पैसे खात्यात जात नाहीत, त्याची कारणं ठरलेली असतात. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं शून्य असतं, मुलं तिथे इंग्रजी ओ लिहितात. बँकांचं विलीनीकरण झालं, पण पासबुकावर जुनाच कोड राहिला. किंवा शाळेत असताना काढलेलं खातं, दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेलं. तपासणीच्या टेबलावर एवढंच विचारा, "या खात्यात शेवटचे पैसे कधी आले?" आणि ज्याच्याकडे तिकिटालाच पैसे नाहीत, त्याला आगाऊ रक्कम मिळेल, त्यासाठी या नंबरवर फोन करा, असं लिहून नंबर द्या.

पाठवताना सगळ्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये उघडे टाकू नका. प्रत्येकाची वेळ वेगळी आहे, तेव्हा मेल मर्जनं प्रत्येकाला स्वतंत्र मेल जाऊ द्या, आणि आधी दोन मेल स्वतःलाच पाठवून नाव आणि वेळ यादीशी ताडून बघा. विषयाच्या ओळीत तारीख हवी. "येणार" किंवा "वेळ बदलून हवी" एवढं उत्तर तीन दिवसांत मागवा. चौथ्या दिवशी ज्यांचं उत्तर नाही त्यांना फोन लावा, बऱ्याचदा मेल स्पॅममध्ये पडलेला असतो किंवा अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचाच मेल आयडी अर्जावर असतो.